टोळीला सनस्क्रीन द्यावं की शर्ट? आणि वडिलांच्या नाकावरचा काळा डाग

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. १४ जणांची टोळी, त्यात ५ बायका. मे महिन्यात उन्हापासून बचावासाठी ठेकेदार १२ हजार देतोय. सगळ्यांना सनस्क्रीन घ्यावं असं माझ्या मनात आहे. एक जण म्हणतो, काळ्या कातडीला कॅन्सर होतच नाही, उगाच पैसे घालवू नका. खरं काय? दुसरं, वडील ६२ वर्षांचे, आयुष्यभर शेती केली. त्यांच्या नाकाच्या बाजूला तीन वर्षांपासून काळा चकचकीत डाग आहे. कधी खपली धरते, कधी तोंड पुसताना रक्त येतं. मलमाने बरा होत नाही. उन्हामुळे असेल का?

उत्तर:

वडिलांपासून सुरुवात करतो. टोळीची खरेदी आठवडाभर लांबली तरी चालेल, हे काम लांबवू नका.

काळा डाग म्हणजे कॅन्सर असं मुळीच नाही. या वयात चेहऱ्यावर काळे, खरखरीत, मेण चिकटवल्यासारखे मस येतात. ते निरुपद्रवी असतात, वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि खाजवून सोलले नाहीत तर रक्त येत नाही. तुमच्या वर्णनातली अडचण रंगाची नाही, खपलीची आहे. खपली धरते, पडते, रक्त येतं, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा खपली धरते. साधी जखम इतक्या दिवसांत भरून आली असती. सकाळच्या उजेडात त्यांना दारात बसवा, डागाच्या दोन्ही बाजूंनी कातडी हलकेच ताणा आणि नीट बघा. कड किंचित उचललेली, ओलसर चमक असलेली, बारीक काळे मणी ओवल्यासारखी दिसते का? मधला भाग खोलगट आहे का? असं असेल तर बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरची शक्यता सर्वात आधी धरावी लागते. गोऱ्या लोकांत हा गुलाबी, मोत्यासारखा दिसतो, आणि पुस्तकांतले जुने फोटो बहुतेक तेच असतात. आपल्या कातडीत त्याच्यात रंगद्रव्य उतरतं, म्हणून तो काळा दिसतो आणि घरातले त्याला तीळ समजून सोडून देतात.

या कॅन्सरची एक बाजू चांगली आहे: तो फार सावकाश वाढतो आणि शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो. दुसरी बाजू अशी की तो जागच्या जागी खात जातो, आणि नाकाजवळ खायला फार काही नसतं. कातडी पातळ, खाली लगेच कूर्चा, आणि थोडं वर सरकला की डोळ्याचा कोपरा. डाग ज्वारीच्या दाण्याएवढा असताना भूल देऊन तो काठाच्या चार-एक मिलिमीटर चांगल्या कातडीसकट काढता येतो आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तोच रुपयाएवढा झाला की गालाची कातडी फिरवून नाकावर बसवावी लागते.

फोटो बघून किंवा वाचून याचा निकाल कोणी देऊ शकत नाही, मीही नाही. निकाल बायोप्सीच देते. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाच्या ओपीडीत न्या. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत रिपोर्ट येतो. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" असं गावात कोणीतरी सांगेलच. तसं होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड हे नाव आहे का, तेही बघून जा. हे औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर त्वचेच्या काही कॅन्सरचा धोका वाढल्याचं दिसलं आहे. ती गोळीही आपल्या मनाने थांबवायची नाही, फक्त पाकीट दाखवायचं.

तोवर डागाला काही लावू नका. दुकानातून मिळणाऱ्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि खाज दबते, डाग बरा झाल्यासारखा वाटतो आणि तपासणाऱ्याचीही दिशाभूल होते. चुना, बिब्बा किंवा पार्लरमध्ये मशिनने जाळणं तर अजिबात नको. वरचा थर जळतो, खालची मुळं राहतात, वर व्रण धरतो आणि त्याखाली वाढ चालू राहते. शिवाय जाळलेल्या तुकड्याची तपासणीही होत नाही, त्यामुळे काय होतं हे कायमचं अंधारात राहतं.

हीच गोष्ट कानाच्या पाळीवर किंवा खालच्या ओठावर असती, हाताला टणक लागली असती आणि दोन-तीन महिन्यांत वाढली असती, तर मी "याच आठवड्यात जा" म्हटलं असतं. तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा वेगळा प्रकार. तो मानेतल्या गाठींपर्यंत जाऊ शकतो.

आता तुमच्या माणसाचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रावर टोपीसारखं बसतं आणि अतिनील किरण आतल्या डीएनएपर्यंत पोचण्याआधीच बरेचसे शोषून घेतं. सनस्क्रीनच्या ट्यूबवर संरक्षणाचा जो आकडा, म्हणजे एसपीएफ, असतो त्यात सांगायचं तर अगदी गडद कातडीचं हे संरक्षण १३ च्या आसपास, तर गोऱ्या कातडीचं ३ च्या थोडं वर मोजलं गेलं आहे. आपण बहुतेक जण या दोहोंच्या मधे कुठेतरी. म्हणून उन्हामुळे होणारा त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे खरोखरच कमी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की मेलॅनोमा हा रंगपेशींचा कॅन्सर सोडून इतर त्वचाकर्करोगांच्या दर तीन मृत्यूंपैकी जवळपास एक उन्हात काम केल्यामुळे होतो. तो आकडा साऱ्या जगाचा आहे, तुमच्या टोळीला तसाच्या तसा लावता येणार नाही.

पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि मेलॅनिनची ही छत्री अंगभर सारखी नसते. खालच्या ओठावर ती विरळ असते, आणि ओठ पुढे असल्यामुळे ऊन सरळ त्यावर पडतं. त्यात तिथेच तंबाखू-चुना धरायची सवय असेल तर दुहेरी मार. ओठ कायम कोरडा, पांढुरका, सालपटं निघणारा झाला आणि ओठाची रेघ पुसट झाली, तर ते उन्हाळ्याचं फुटणं समजू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला तर छत्रीच नाही. बुबुळाकडे सरकत येणारं मांस शेतकऱ्यांत आणि खडी-डांबरावरच्या कामगारांत इतकं दिसतं ते याचसाठी. भाजल्याचे जुने व्रण हीही कच्ची जागा, मात्र तिथला कॅन्सर उन्हापेक्षा व्रण पुन्हा पुन्हा फुटण्यामुळे होतो, आणि तो वीस-तीस वर्षांनीही होतो. टोळीत जन्मतःच पांढरी कातडी आणि पांढरे केस असलेला कोणी असेल तर त्याच्यासाठी वरचा सगळा हिशोब रद्द. त्याला भर उन्हातलं काम देऊच नये. चेहऱ्यावर किंवा हातावर कोड असलेल्यांचे पांढरे चट्टे पटकन भाजतात, त्यांचीही वेगळी काळजी घ्यावी लागते.

(उन्हाशी संबंध नाही, पण टोळीत बायका आहेत म्हणून सांगतो. परकराची नाडी कमरेवर एकाच जागी वर्षानुवर्षं काचून कातडी काळी, जाड होते. तिथे जखम झाली आणि महिनाभर भरली नाही तर तीही दाखवायला हवी. तसंच तळपायावर वाढत जाणारा काळा डाग. आपल्या लोकांत मेलॅनोमा जास्त करून तिथेच सापडतो.)

आता टोळी. इथे खरी अडचण वेळेची आहे. उकाडा आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील किरण दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. सूर्य जितका डोक्यावर, तितके ते जास्त. तापमान मात्र जमीन तापल्यानंतर, तीन-चारच्या सुमारास शिखर गाठतं. आपली घड्याळं पार पूर्वेच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत, म्हणून सोलापुरात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. बऱ्याच कामांवर "ऊन फार झालं" म्हणून एक ते चार सुट्टी देतात. उकाड्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण अकरा ते एक या किरणांच्या ऐन भरातल्या वेळात टोळी उघड्यावर राबलेली असते.

घड्याळापेक्षा सावली बघणं सोपं. सपाट जागी उभं राहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण जोरात आहेत. मे महिन्यात तुमच्याकडे ही स्थिती सकाळी सव्वानऊच्या सुमारास सुरू होते आणि दुपारी साडेतीनपर्यंत राहते. एवढा वेळ काम बंद ठेवता येणार नाही, हे मला कळतं. पण सहाला सुरुवात, साडेअकराला थांबणं आणि साडेतीनला पुन्हा उभं राहणं ठेकेदाराला पटवता आलं, तर एकाच सुट्टीत किरणांचा ऐन भर आणि उकाड्याचा बराचसा मारा टळतो. डांबराचा मिक्सर ज्या दिवशी येणार असेल त्या दिवशी हे जमत नाही. मग निदान खडी पसरणं, झाडणं, पाणी मारणं अशी कामं सकाळी उरका आणि दुपारी रोलरमागे जेवढी माणसं लागतात तेवढीच उभी करा.

शेतीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. सूर्य तुमच्याकडे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या वेळी आभाळ असतं, वारा असतो, अंगाला चटका लागत नाही आणि खुरपणी दिवसभर चालते. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली येतात, आणि ढग फाटला की ते मे महिन्याइतकेच तेज असतात. म्हणून पूर्ण बाह्या फक्त उन्हाळ्यापुरत्या ठेवून भागत नाही.

कपड्याबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रही आहे, कारण कापड सकाळी अंगावर चढवलं की संध्याकाळपर्यंत काम करतं, कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. तुमच्या टोळीतल्या बायका साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालत असतील, तर त्यांनी अर्धा प्रश्न आधीच सोडवलेला आहे. पुरुषांचं उलट असतं: बनियन, त्यावर ते जाळीचं चमकणारं जाकीट. जाळीतून ऊन आरपार जातं. जाकीट गाडीवाल्याला दिसण्यासाठी आहे, ते शर्टावर घालायचं, शर्टाऐवजी नाही.

कोणतं कापड? रंगापेक्षा वीण बघा. शर्टाच्या आत हात घालून तो सूर्याकडे धरा. बोटं मोजता आली तर ते कापड कमी पडेल. पातळ पांढरा सुती सदरा पाचातले चार भाग किरण अडवतो, पण घामाने भिजून अंगाला चिकटला की तेवढंही अडवत नाही. घट्ट विणीचं सुती-पॉलिस्टर मिश्रण, खाकी किंवा निळसर, ढगळ शिवलेलं, हे मला या कामासाठी बरं वाटतं. गडद रंग किरण जास्त अडवतो, पण तापतोही जास्त, म्हणून काळ्याच्या नादी लागू नका. ढगळपणावर तडजोड करू नका. ताणलेल्या कापडाची वीण उघडते, आणि घट्ट कपड्यात मे महिन्यात कोणी टिकत नाही.

डोक्याला टॉवेल किंवा फेटा उत्तम, त्याचं एक टोक मानेवर आणि कानांवर सोडलं तर. पण नाक, गालाचा वरचा भाग आणि ओठ उघडेच राहतात, आणि वडिलांचा डाग नेमका तिथेच आहे. गांधी टोपीने आणि पुढे चोच असलेल्या टोपीनेही कान सुटतात. चार बोटं रुंद, चारही बाजूंना कड असलेली कापडी टोपी टॉवेलावर घालायची. हेल्मेट सक्तीचं असेल तर त्यावर बसणारी कडेची झालर मिळते. नाही मिळाली तर हेल्मेटच्या आतल्या पट्ट्याला मागून सुती रुमाल पिनेने लावा. तोंडाला घट्ट सिंथेटिक फडकं बांधून मात्र फावडं मारायला लावू नका. त्याने किरण अडतील, पण माणूस उकाड्याने पडेल.

आता सनस्क्रीन, आणि हा हिशोब ठेकेदारालाही दाखवा. ट्यूबवरचा एसपीएफ मोजताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरवर दोन मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहरा, कान, मान, कोपरापासून खालचे हात आणि पंजे एवढं उघडं धरलं, तर एका वेळेला साडेपाच ग्रॅम लागतं, म्हणजे चमचाभर. घामामुळे दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसातून तीनच वेळा धरलं तरी माणशी १६ ग्रॅम, १४ जणांचं सव्वादोनशे ग्रॅम, आणि २५ दिवसांचं साडेपाच किलोच्या वर. ५० ग्रॅमच्या ट्यूबा ११० च्या पुढे जातात. ट्यूब ३०० रुपयांना धरली तर ३३ हजारांच्या वर. तुमच्याकडे १२ हजार आहेत. प्रत्यक्षात काय होतं, तर माणशी एक-दोन ट्यूबा वाटल्या जातात, त्या पुरवायच्या म्हणून लोक चिमूटभर लावतात, संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, आणि "क्रीम लावलंय" म्हणून बाह्या वर चढतात. क्रीमवर खडीची धूळ बसते, घामाबरोबर ते डोळ्यांत उतरून झोंबतं, आणि तिसऱ्या दिवसापासून कोणी लावत नाही.

म्हणून मी पैसे असे लावेन. माणशी एक पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा शर्ट आणि एक कडेची टोपी, दोन्ही मिळून ६०० च्या आत बसवा. त्यात ८,४०० जातात. बायकांकडे शर्ट आधीच असेल तर तेवढे वाचतात. उरलेल्या पैशांत हिरवी शेडनेट घ्या, नर्सरीवाले वापरतात तीच, पण ५० टक्क्यांची नको, ७५ टक्क्यांची घ्या, आणि शक्य असेल तर दुहेरी टाका. ताडपत्रीची सावली जास्त गडद पडते पण खाली वारा अडतो. शेडनेट मोठी आणि उंच बांधा. निळ्या आकाशाकडूनही किरण येतात, त्यामुळे चार फुटी तुकड्याखाली बसलेल्या माणसाला कडेने ऊन लागतच राहतं. कडुनिंब किंवा आंबा जवळ असेल तर तो बांधलेल्या सावलीपेक्षा चांगला. बाभळीखाली नुसतं बसल्याचं समाधान.

यातून हजारभर रुपये उरले तर दोन-तीन ट्यूबा घ्या, पण सगळ्यांसाठी नको. कोड असलेला, चेहऱ्यावर वांग वाढत चाललेली, किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं उन्हात कातडी भाजवणारं औषध चालू असलेला, यांच्यासाठी. ट्यूबवर एसपीएफ ३० किंवा वर, ब्रॉड स्पेक्ट्रम आणि पाण्यात टिकणारं असं लिहिलेलं हवं. नाक, गालाचा उंचवटा, कान आणि पंजाच्या वरच्या बाजूला भरपूर लावा. कपड्याखाली लावून वाया घालवू नका. आणि ट्यूब ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तिथे ती वितळून फुटते, आणि तेल-पाणी वेगळं झालेलं क्रीम फेकून द्यायच्याच लायकीचं असतं.

शेवटचं डांबराबद्दल. आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो ते हल्ली बहुधा पेट्रोलियममधून निघालेलं बिटुमेन असतं. कोळशापासूनचं कोलटार वेगळं. कोलटार कातडीचा कॅन्सर करतं हे पक्कं आहे, शिवाय ते लागलेल्या जागेवर ऊन पडलं की तिथे आग आग होते, कातडी लाल होते. टोळीत कोणाला पंजा किंवा मनगटावर असा चटका वारंवार लागत असेल, तर पिंपात काय येतं ते ठेकेदाराला विचारा. हाताला लागलेलं कुठलंही डांबर डिझेल किंवा रॉकेलने पुसू नका. त्याने कातडीचं तेल निघून भेगा पडतात आणि पुढच्या वेळी डांबर त्या भेगांत बसतं. खाण्याचं तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, चिंधीने पुसा, मग साबण. गरम डांबर अंगावर उडालं असेल तर ओढून काढू नका. वीसेक मिनिटं गार पाणी ओता आणि तसंच दवाखान्यात घेऊन जा.